क्रीडादिनाचे खेळ ऊन किंवा धुरामुळे बदलताना पालकांना काय आणि कसं कळवावं

प्रश्न : आमची शाळा गोव्यातल्या डिचोली तालुक्यात आहे. वार्षिक क्रीडादिन लांबत लांबत शुक्रवार, २७ फेब्रुवारीवर आला आहे. ऊन वाढलं तर लवकर सुरू करू आणि काही खेळ बदलू, असं मुख्याध्यापिका म्हणतात. शिवाय सकाळी आजूबाजूला पाचोळा, कचरा जाळल्याचा धूर असतो. पालकांना नोटीस कशी काढायची? कोणते खेळ बदलायचे आणि किती आधी कळवायचं?

उत्तर :

नोटिशीचा मसुदा नंतर. आधी हे ठरवा की बदल उन्हामुळे करायचा आहे की हवेमुळे, कारण दोन्हींवरचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. ऊन टाळायचं तर कार्यक्रम पहाटेकडे सरकवावा लागतो. धूर मात्र पहाटेच सगळ्यात जास्त असतो. फेब्रुवारीत रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन खाली बसते, वारा पडलेला असतो, आणि संध्याकाळी कुणी भाटात, म्हणजे बागायतीत, पाचोळा पेटवला असेल तर तो धूर रात्रभर त्याच थरात कोंडून राहतो. सूर्य वर येऊन जमीन तापली की साधारण नऊच्या सुमारास तो वर उचलला जातो. म्हणून ‘ऊन किंवा प्रदूषण असल्यास कार्यक्रम लवकर सुरू होईल’ असं एकच वाक्य लिहिलं, तर धुराच्या दिवशी मुलांना नेमकं सगळ्यात वाईट हवेत धावायला लावल्यासारखं होईल. नोटिशीत दोन कारणं आणि दोन वेगळे निर्णय दिसलेच पाहिजेत.

आधी ऊन. गोव्यात ‘हवामान खात्याने इशारा दिला नाही म्हणजे धोका नाही’ असं धरून चालत नाही. किनारी भागासाठी उष्णतेची लाट जाहीर करायला कमाल तापमान किमान ३७ अंश असावं लागतं आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त असावं लागतं. आपल्याकडे ३३ अंशांतही मूल कोसळू शकतं, कारण दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. सावलीत ३३ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर शरीराला ते सुमारे ३९ अंशांसारखं लागतं. ३६ अंश पण आर्द्रता ३० टक्केच असेल तर ते ३६ च्या आसपासच राहतं. हे आकडे सावलीतले आहेत. थेट उन्हात त्यात आणखी आठ अंशांपर्यंत भर पडू शकते. फेब्रुवारीअखेर पूर्वेकडून कोरडं वारं सुटलं की दुपारचं तापमान झपाट्याने चढतं. समुद्रावरून येणारं वारं पणजी-कळंगुटला लवकर पोहोचतं, पण डिचोली, साखळी, वाळपईकडे ते यायला उशीर लागतो. त्यामुळे पणजीचा आकडा बघून डिचोलीच्या मैदानाचा निर्णय घेऊ नका.

मोजायला तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं साधं डिजिटल यंत्र पुरतं. ते ऑफिसात नको, मैदानाच्या कडेला सावलीत मुलांच्या छातीच्या उंचीवर टांगा आणि दहा-पंधरा मिनिटं स्थिर होऊ द्या. क्रीडादिनाआधीचा आठवडाभर साडेसात, साडेनऊ आणि साडेदहाला आकडे लिहून ठेवा. कार्यक्रम किती वाजता आटपायला हवा हे त्या वहीतूनच कळतं. ‘शरीराला लागणारं तापमान’ काढायचा तक्ता इंटरनेटवर सहज मिळतो. तो छापून यंत्राशेजारी लावा.

शाळेने आपल्या मर्यादा लिखित ठरवाव्यात. माझी शिफारस अशी : सावलीत शरीराला लागणारं तापमान ३५ च्या खाली असेल तर कार्यक्रम ठरल्याप्रमाणे, पाण्याची सुट्टी मात्र सक्तीची. ३५ ते ३९ मध्ये लांब पल्ल्याच्या शर्यती, रस्सीखेच आणि संचलन बंद, बाकी खेळ लहान गटांत. ४० झालं की मैदान रिकामं करायचं, मग अंतिम शर्यत उरली असली तरी. हे सरकारी नियम नाहीत, शाळेसाठी सुचवलेल्या मर्यादा आहेत. मैदानाला झाडांची सावली नसेल, किंवा ते कृत्रिम गवताचं वा काँक्रीटचं असेल, तर त्या आणखी दोन-तीन अंशांनी खाली आणा. कृत्रिम गवत उन्हात इतकं तापतं की अनवाणी धावणाऱ्या लहान मुलांचे तळवे भाजतात.

आता खेळ. १०० मीटरची शर्यत थांबवायची म्हणून बहुतेक शाळा झटपट तयार होतात आणि संचलन तसंच ठेवतात. नेमकं उलट करायला हवं. १०० मीटर धावायला मुलाला पंधरा-वीस सेकंद लागतात, तेवढ्यात अंग फारसं तापत नाही. संचलनानंतर पाहुण्यांच्या भाषणात चाळीस मिनिटं उन्हात ताठ उभ्या राहिलेल्या मुलांच्या पायांत रक्त साचतं, ते मेंदूकडे कमी पोहोचतं, आणि एकामागून एक मुलं चक्कर येऊन पडतात. त्यात बँडचा जाड गणवेश असेल तर विचारूच नका. म्हणून पहिला बदल संचलनात करा. संपूर्ण शाळेऐवजी प्रत्येक हाउसचे आठ-दहा विद्यार्थी, दहा मिनिटं, भाषण नाही. पाहुण्यांचं मनोगत बक्षीस वितरणात, सभागृहात, पंख्याखाली ठेवा.

दुसरा बदल ८०० आणि १५०० मीटरमध्ये. खरी उष्णता सलग, जोरकस श्रमातून शरीराच्या आतच तयार होते. या शर्यती एक तर सगळ्यात आधी घ्या, किंवा आधीच्या आठवड्यात शारीरिक शिक्षणाच्या तासाला घेऊन निकाल क्रीडादिनी जाहीर करा. ‘१५०० ऐवजी ८०० धावू’ अशी तोड मैदानावर आयत्या वेळी काढू नका. वेगळ्या अंतराची तयारी केलेली मुलं हिरमुसतात आणि पालकांचे फोन सुरू होतात. प्राथमिक फेऱ्या एकाच दिवशी ठेवल्या तर त्याच मुलाला तीन-चार वेळा धावावं लागतं आणि मधला सगळा वेळ तो उन्हातच बसतो. फेऱ्या आधी उरकल्या तर क्रीडादिन निम्म्या वेळात होतो, आणि अंतिम फेरी रद्द झालीच तर फेरीत नोंदवलेल्या वेळेवरून क्रमांक देता येतात. नोटिशीत ही सोय आधीच लिहून टाका. नाही तर पदक हुकलेल्या मुलाचे पालक ‘आता नियम बदलला’ म्हणतील आणि त्यांचं म्हणणं चुकीचंही नसेल.

रस्सीखेचीत दोन्ही बाजूंचे वीस-बावीस जण एकमेकांना चिकटून दम रोखून ओढतात आणि त्यांना मिळणारा वारा थांबतो. ३५ च्या वर ती बंद. गोळाफेक, लांब उडी, लिंबू-चमचा हे खेळ सावलीत रांग लावून चालतात. फक्त रांग आठपेक्षा मोठी करू नका, बाकीच्यांना मंडपात बसवा. मंडप पत्र्याचा किंवा काळ्या कापडाचा नको. चारही बाजूंनी उघडा आणि कापड पांढरं असावं.

वेळ किती अलीकडे आणायची, हे बालरथावर, म्हणजे शाळेच्या बसवर ठरतं. कागदावर सव्वासहाला हजेरी लावणं सोपं आहे, पण फेब्रुवारीअखेर सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि दूरच्या वाड्यांवरून येणाऱ्या मुलांना साडेपाचलाच मिट्ट अंधारात रस्त्यावर उभं राहावं लागेल. म्हणून आधी चालकाशी बोला, पहिला थांबा किती वाजता घेता येईल ते विचारा, आणि नोटिशीत बालरथाची वेळ क्रीडादिनाच्या वेळेइतक्याच ठळक अक्षरांत द्या. तुमच्याकडे पहिला थांबा सव्वासहाला धरला तर मुलं सात वाजता शाळेत पोहोचतील, साडेसातला पहिली शर्यत आणि पावणेदहाला मैदान रिकामं. डिचोलीच्या फेब्रुवारीअखेरच्या उन्हात याहून जास्त ताणू नका.

सव्वासहाला घर सोडणारं मूल बहुतेकदा रिकाम्या पोटी येतं. माध्यान्ह आहार देणारा स्वयंसहाय्य गट नेहमीच्या वेळेलाच येणार, हेही लक्षात ठेवा. त्यांना आठवडाआधी सांगून आहार दहा वाजता तयार ठेवता आला तर उत्तम. नाही तर नोटिशीत स्पष्ट लिहा : निघण्याआधी पेज-लोणचं किंवा चपातीसारखं हलकं काही खाऊन यावं, डब्यात एक केळं. पेज चांगली, तिच्यातून पाणी आणि मीठ दोन्ही मिळतं.

पाण्याबद्दल ‘भरपूर पाणी आणावं’ असं लिहून उपयोग नाही. नऊ ते बारा वर्षांच्या मुलाने श्रम करताना दर वीस मिनिटांनी १०० ते २५० मिलिलिटर, म्हणजे साधारण अर्धा ते एक पेला, प्यावं असं बालरोगतज्ज्ञांचं मार्गदर्शन आहे. मोठ्या मुलांना तासाला एक ते दीड लिटरपर्यंत लागू शकतं. म्हणून प्राथमिकसाठी एक लिटरची नाव लिहिलेली बाटली, माध्यमिकसाठी दीड लिटर, आणि मैदानावर दोन ठिकाणी भरायची सोय. दर वीस मिनिटांनी शिट्टी, शिट्टी वाजली की सगळे पितात. तहान लागली की पिऊ असं मुलांवर सोडलं तर शर्यतीच्या नादात ती पीतच नाहीत. मीठ घातलेलं कोकम सरबत चालेल, कोला आणि एनर्जी ड्रिंक नको. ओआरएसचं एक लिटरसाठीचं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण रिकामं करायचं. अर्धं पाकीट एका पेल्यात ओतलं तर ते फार दाट होतं आणि त्याने उलटी होते.

यंदा २७ फेब्रुवारीला रमजान चालू असेल आणि ख्रिस्ती कुटुंबांत उपवासाचा काळही. रोजा ठेवणाऱ्या किंवा उपवास असलेल्या मुलाची शर्यत सगळ्यात आधी घेता येते, किंवा त्याला पंच, वेळ नोंदणारा, झेंडेकरी असं सावलीतलं काम देता येतं. पण हे वर्गशिक्षकांना आधी कळायला हवं. ‘आपल्या मुलाचा उपवास असल्यास गुरुवारपर्यंत सांगा, त्याची सोय करू’ अशी ओळ घाला. ओळीचा सूर सोयीचा ठेवा, चौकशीचा नको.

पालकांकडून आणखी एक माहिती हवी : मागच्या दोन-तीन दिवसांत ताप, जुलाब किंवा उलट्या झाल्या असतील तर. शरीरातलं पाणी आधीच कमी असलेलं मूल वरून ठणठणीत दिसतं आणि मैदानावर सगळ्यात आधी कोसळतं. पालक हे लपवतात ते वाईट हेतूने नव्हे, मुलाचा हिरमोड होऊ नये म्हणून. त्यांना लिहा की असं मूल घरी ठेवायची गरज नाही, ते कार्यक्रमाला येईल, फक्त धावणार नाही.

आता हवा. या भागात एकच आकडा बघितला की फसगत होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अॅपवर दिसणारा हवेचा निर्देशांक सूक्ष्म धुळीच्या बाबतीत मागच्या चोवीस तासांच्या सरासरीवर काढलेला असतो. पहाटे शाळेमागे कुणी कचरा पेटवला तर साडेसातला अॅप ‘समाधानकारक’च दाखवणार, कारण त्या सरासरीत काल दुपारची स्वच्छ हवाही मोजलेली असते. शिवाय जवळचं मोजणी केंद्र मैदानापासून कित्येक किलोमीटर लांब असू शकतं. म्हणून अॅपचा आकडा आदल्या दिवशीच्या निर्णयासाठी वापरा आणि सकाळच्या निर्णयासाठी डोळे व नाक. रोज दिसणारा डोंगर किंवा देवळाचा कळस धुरकट दिसतो का, मैदानावर धुराचा वास येतो का, डोळे चुरचुरतात का. एकाचं जरी उत्तर ‘हो’ आलं तरी लांब पल्ल्याची शर्यत थांबवा.

दुसरी फसगत पालकांच्या व्हॉट्सअॅपवर होते. आपला राष्ट्रीय निर्देशांक आणि काही परदेशी अॅप वापरतात तो अमेरिकेचा निर्देशांक वेगवेगळे आहेत. हवेतले अतिसूक्ष्म कण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असतील तर आपला निर्देशांक १०० दाखवतो, म्हणजे ‘समाधानकारक’ची वरची कड. त्याच हवेला अमेरिकेचा निर्देशांक दीडशेच्या वरचा, लाल रंगाचा आकडा देतो. कुणीतरी तो लाल स्क्रीनशॉट पालकांच्या गटात टाकतो आणि ‘शाळा लपवते’ असा गदारोळ होतो. नोटिशीत एकच वाक्य घाला : शाळा कोणता निर्देशांक आणि किती वाजता बघते. वाद तिथेच मिटतो.

हवेसाठी माझी शिफारस : राष्ट्रीय निर्देशांक १०० पर्यंत असेल आणि धूर दिसत नसेल तर कार्यक्रम ठरल्याप्रमाणे. १०१ ते २०० मध्ये ४०० मीटरपासून पुढच्या शर्यती रद्द, कारण जोरात धावताना मूल बसल्यापेक्षा दहापट किंवा त्याहून जास्त हवा आत ओढतं आणि तीही तोंडाने, नाकातली गाळणी टाळून. दम्याच्या मुलांना त्या दिवशी फक्त लहान, थांबून-थांबून होणारे खेळ. २०० च्या वर किंवा मैदानावर धूर दिसत असेल तर कार्यक्रम पुढे ढकला. सभागृहात नेऊ नका. सभागृहाच्या खिडक्या धूर अडवत नाहीत, आणि त्या बंद केल्या तर तीनशे मुलांच्या गर्दीत उकाडा वाढून दुसरंच संकट ओढवतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये वणव्यांकडेही लक्ष असू द्या. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्याच्या परिसरात लागलेल्या वणव्यांचे दिवस सत्तरी तालुक्यातल्या शाळा विसरलेल्या नसतील. त्याच महिन्यात उष्णतेच्या इशाऱ्यामुळे शिक्षण खात्याने दोन दिवस दुपारच्या आत शाळा सोडायला लावल्या होत्या. म्हणजे ऊन आणि धूर एकाच आठवड्यात येऊ शकतात. दोन्ही असतील तर सकाळही नको आणि दुपारही नको, सरळ राखीव दिवस.

मैदानावरची लाल धूळ हे तिसरं आणि बऱ्यापैकी आपल्या हातात असलेलं प्रकरण. आदल्या संध्याकाळी टँकरने हलकं पाणी मारा. सकाळी मारलं तर माती निसरडी होते. पट्टे आखायला चुन्याची भुकटी वापरू नका, ती उडून डोळ्यांत आणि श्वासात जाते आणि चरचरते. खडूची पांढरी भुकटी वापरा. धुरासाठी किंवा धुळीसाठी कापडी मास्क आणायला सांगू नका. त्यातून अतिसूक्ष्म कण आरपार जातात, आणि घट्ट मास्क लावून धावलं तर श्वास कोंडतो.

निर्णय कोण, केव्हा घेणार हे ठरल्याशिवाय नोटीस काढू नका. तुमच्या वेळापत्रकाला हे जमेल : सोमवारी २३ तारखेला पहिली नोटीस, तिच्यात दोन्ही शक्यता. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता अंतिम संदेश, त्यात वेळ आणि खेळांची यादी पक्की. त्यानंतर एकच बदल शक्य, ‘पुढे ढकलला’, आणि तो शुक्रवारी पहाटे पावणेसहाला, बालरथ निघायच्या आधी. रात्री नऊला ‘अर्धा तास लवकर’, सहाला ‘पुन्हा जुनी वेळ’ असे संदेश गेले की निम्मी मुलं चुकीच्या वेळेला येतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं : पुढे ढकलला तर त्या दिवशी शाळा नेहमीप्रमाणे भरणार की नाही. दोघेही कामावर जाणारे पालक नोटिशीत आधी हेच शोधतात, आणि बहुतेक नोटिशींत नेमकं हेच नसतं.

मसुदा असा करता येईल. नाव, वेळा आणि खेळ तुमच्या यादीप्रमाणे बदला.

*पालकांस सूचना (क्र. १, सोमवार, २३ फेब्रुवारी, दुपारी १२)*

*वार्षिक क्रीडादिन शुक्रवार, २७ फेब्रुवारी रोजी आहे. वाढत्या उन्हामुळे कार्यक्रम साडेआठऐवजी सकाळी ७.३० वाजता सुरू होऊन ९.४५ वाजता मैदानावर संपेल. बक्षीस वितरण १० वाजता सभागृहात होईल. मुलांनी ७ वाजेपर्यंत शाळेत यावे. बालरथ नेहमीपेक्षा सव्वा तास आधी निघेल. पहिला थांबा ६.१५. मुलांना ११ वाजता घरी सोडले जाईल, बालरथही तेव्हाच सुटेल.*

*झालेले बदल : १५०० मीटर व सर्व प्राथमिक फेऱ्या मंगळवार ते गुरुवार सकाळच्या तासांत घेतल्या जातील. संचलनात प्रत्येक हाउसचे दहा विद्यार्थी असतील. रस्सीखेच व पालकांची शर्यत यंदा होणार नाही. इतर खेळ आहेत तसेच. अंतिम फेरी रद्द करावी लागली तर फेरीतील नोंदवलेल्या वेळेवरून क्रमांक दिले जातील. हाउसचे गुण बदलणार नाहीत.*

*सावलीत शरीराला जाणवणारे तापमान ४० अंश झाले तर कार्यक्रम तिथेच थांबवला जाईल. हवेसाठी शाळा गुरुवारी दुपारी ४ वाजता ‘समीर’ अॅपवरील राष्ट्रीय निर्देशांक पाहील. तो १०० च्या वर असल्यास ४०० व ८०० मीटर होणार नाही. तो २०० च्या वर गेला किंवा सकाळी मैदानावर धूर असला तर क्रीडादिन शुक्रवार, ६ मार्चला होईल. तसे झाल्यास २७ तारखेला शाळा नेहमीच्या वेळेत, नेहमीच्या तासांसह भरेल. दप्तर वर्गात ठेवलेले चालेल.*

*अंतिम संदेश गुरुवारी सायंकाळी ५ वाजता येईल. त्यानंतर बदल झालाच तर फक्त शुक्रवारी पहाटे ५.४५ वाजता. त्या वेळेला संदेश आला नाही तर कार्यक्रम ठरल्याप्रमाणे आहे.*

*सोबत : नाव लिहिलेली पाण्याची बाटली (चौथीपर्यंत १ लिटर, पाचवीपासून दीड लिटर), टोपी, सुती कपडे, बूट, एक केळे. घरून हलके खाऊन यावे. दम्याचे इनहेलर असल्यास नाव लिहून मुलाच्या खिशात किंवा कमरेच्या पिशवीत द्यावे, दप्तरात नको.*

*गुरुवारपर्यंत वर्गशिक्षकांना कळवा : मागील तीन दिवसांत ताप, जुलाब, उलट्या; दमा किंवा हृदयाचा त्रास; उपवास किंवा रोजा. अशा मुलांना कार्यक्रमात दुसरी जबाबदारी दिली जाईल. गुण कमी होणार नाहीत.*

इनहेलर दप्तरात नको असं लिहिलंय ते कारणाने. दप्तर वर्गात, वर्गाला कुलूप आणि किल्ली मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असते. धाप लागलेल्या मुलाला तेवढा वेळ नसतो. धावण्याआधी औषध घ्यायचं की नाही ते त्याच्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, शिक्षकांनी अंदाजाने देऊ नये.

नोटीस फोटो किंवा स्कॅन करून पाठवू नका, मजकूर म्हणून पाठवा. शाळेच्या शिक्क्याचा फोटो मोबाइलवर वाचता येत नाही, आणि भाषांतराच्या अॅपमध्ये टाकताही येत नाही. तुमच्याकडे कन्नड किंवा हिंदी बोलणारी कुटुंबं असतील तर त्यांना निदान वेळ, बालरथ आणि पाणी या तीन ओळी त्यांच्या भाषेत द्या, कोंकणी-मराठी घरांना मराठी पुरेल. क्रमांक आणि वेळ वरच्या ओळीत लिहायचं कारण हे की जुनी नोटीस पुढे पुढे जात राहते. ‘क्र. २ आल्यावर क्र. १ रद्द’ असं लिहिलं की गोंधळ कमी होतो. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी वहीत छापील चिठ्ठी चिकटवा आणि गुरुवारी शेवटच्या तासाला वर्गातल्या प्रत्येक मुलाकडून ‘उद्या किती वाजता’ हे तोंडी म्हणवून घ्या. ‘अपरिहार्य कारणास्तव’ हा शब्द टाळा. कारण कळलं नाही की पालक ते स्वतः शोधतात आणि बहुतेक वेळा चुकीचं शोधतात.

नोटिशीत लिहायचं नाही, पण तयारीत असू द्या : मैदानाकडेला एक मोठा टब, बर्फ, आणि दहा-बारा टॉवेल. धावून आलेलं मूल अडखळतं, विचारलेल्याचं उत्तर भलतंच देतं, चिडतं किंवा बेशुद्ध होतं, तर तो उष्माघात धरा. अंगाला घाम असला तरी. त्याला आधी थंड करा, मग हलवा : एक जण १०८ ला फोन करेपर्यंत बाकीच्यांनी सावलीत नेऊन बर्फाच्या पाण्यात मानेपर्यंत बसवायचं, डोकं आधाराने पाण्याबाहेर. टब नसेल तर ओले थंड टॉवेल सगळ्या अंगावर टाकून दर मिनिटाला बदलायचे. शुद्ध हरपलेल्याला तोंडाने पाणी पाजू नका. फक्त पोटऱ्या आखडल्या किंवा डोकं दुखतंय आणि मूल नीट बोलतंय, तर सावली, पाणी, विश्रांती पुरते, पण त्या दिवशी ते पुन्हा धावणार नाही.

पालकांची शर्यत मी यादीतून आधीच काढली आहे. वर्षभर न धावलेले आई-बाबा उन्हात, चपला काढून, अंग गरम न करता शंभर मीटर झेप घेतात, आणि ती शर्यत नेहमी कार्यक्रमाच्या शेवटी, म्हणजे दिवसातल्या त्यातल्या त्यात तापलेल्या वेळेला येते. आजी-आजोबा येणार असतील तर त्यांच्या खुर्च्या पहिल्या रांगेत नको, मंडपाच्या मधोमध, वारा लागेल अशा ठेवा, आणि वीस मिनिटांच्या शिट्टीला पाणी त्यांच्यापर्यंतही पोहोचवायचं काम दहावीच्या दोन मुलांना नावानिशी नेमून द्या.